पाणी भरपूर, तरी जास्वंद सुकत होती : नाशिकमधल्या एका स्थलांतराचं प्रकरण

इंदिरानगर भागातल्या एका बंगल्यात फाटक रुंद करायचं ठरलं आणि फाटकालगतची लाल गावठी जास्वंद हलवावी लागली. झाड आठेक वर्षांचं होतं. उंची साधारण पुरुषभर, घेर चांगला, बुंध्याशी एकच खोड आणि पुढे तीन मोठ्या फांद्या. जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर मोजलं तर खोडाची जाडी ४ सेंटिमीटर भरत होती. घरच्या काकूंना ते झाड तोडायचं नव्हतं, कारण देवपूजेची फुलं बारा महिने त्यावरूनच यायची. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात माळीदादांनी ते खणून काढलं आणि बंगल्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीजवळ लावलं.

तिसऱ्या दिवशी पानं लोंबली. आठवड्याभरात खालची पानं पिवळी पडून गळू लागली आणि भिंतीकडच्या पानांवर पांढुरके भाजल्यासारखे डाग उमटले. मार्चच्या मध्यावर मला बोलावलं, तेव्हा झाडाची निम्मी पानं गळून गेली होती. काकूंचा पहिलाच प्रश्न होता, "रोज दोन बादल्या पाणी घालतोय गं, मग हे तहानल्यासारखं का दिसतंय?"

या प्रकरणाची किल्ली त्या प्रश्नातच आहे. झाड खरोखरच तहानलेलं होतं. दोन बादल्या पाणी मात्र त्याच्या मुळांपर्यंत पोचतच नव्हतं.

झाड उपटून दुसरीकडे लावलं की त्याला जो धक्का बसतो, तो मुळात पाण्याच्या हिशेबाचा असतो. जमिनीतलं पाणी शोषतात ती टोकाकडची बारीक मुळं. द्राक्षबागायतदार त्यांना पांढरी मुळी म्हणतात. झुडपाची ही मुळी खोडाजवळ नसते, ती घेराच्या टोकाशी आणि त्याहीपलीकडे पसरलेली असते, बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात. त्यामुळे कितीही जपून खणलं तरी बरीचशी पांढरी मुळी जुन्या जागीच राहते. वरची पानं मात्र तेवढीच असतात आणि ऊन-वारा लागला की तितकंच पाणी मागतात. नवी मुळी फुटेपर्यंत झाडाला मुळांसोबत आलेल्या मातीतल्या पाण्यावरच दिवस काढावे लागतात. या मातीच्या गोळ्याला आपल्याकडे हुंडी म्हणतात. हुंडी केवढी आहे आणि तिच्यात पाणी टिकतं का, या दोन गोष्टींवर पुढचे सगळे आठवडे ठरतात.

हुंडीचा अंदाज बांधायला एक जुना, कामाचा नियम आहे. खोडाच्या जाडीच्या दहा ते बारा पट हुंडीचा व्यास ठेवायचा. इथे खोड ४ सेंटिमीटरचं, म्हणजे हुंडी ४० ते ४८ सेंटिमीटर रुंद हवी होती आणि निदान ३० सेंटिमीटर खोल. काळ्या मातीची एवढी ओलसर हुंडी निमुळती कापली तरी साठ किलोंच्या आसपास भरते. दोन माणसं आणि गोणपाट हाताशी असल्याशिवाय ती हलत नाही. माळीदादा एकटेच होते आणि माती कोरडी होती. फाटकाचं काम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं असल्याने आधी पाणी देऊन वापसा येण्याची, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली होण्याची, वाट पाहायला सवड मिळाली नाही. कोरडी काळी माती पहार लागली की ढेकळांनी सुटते, आणि तिच्यासोबत बारीक मुळंही तुटतात. मोठी हुंडी धरायला गेले, पण उचलताना बाजूची माती ढासळत गेली आणि हातात उरली ती जेमतेम २८ सेंटिमीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर खोल.

हवी असलेली हुंडी मधली, ४५ सेंटिमीटरची धरली, तर ४५ आणि २८ या आकड्यांतला फरक कागदावर फार वाटत नाही. पण मातीचं आकारमान काढलं की तो उघडा पडतो. पहिल्या हुंडीत सुमारे ४७ लिटर माती बसली असती, दुसरीत साडेतेरा लिटर. व्यास दीडपटीच्या थोडा वर, पण माती साडेतीनपट. काळ्या मातीच्या आकारमानाच्या साधारण १५ टक्के इतकं पाणी मुळांना वापरता येतं, असा ढोबळ हिशेब धरला, तर मोठ्या हुंडीत सात लिटर पाणी राहिलं असतं आणि या छोट्या हुंडीत राहिलं दोन लिटर. एवढी पानं असलेली जास्वंद मार्चच्या कोरड्या हवेत दिवसाला तीन-चार लिटर सहज मागते. म्हणजे सकाळी हुंडी काठोकाठ भिजलेली असली, तरी दुपार होण्याआधीच तिच्यातलं पाणी संपणार. त्यातून ती भिजलेलीही नव्हती.

मी खोडापासून चार बोटांवर मातीत लोखंडी सळई हलकेच दाबून पाहिली. ती आत जाईना. बोटाने वरची माती खरवडली तर खाली कडक, फिकट, कोरडी माती. त्यानंतर खोडापासून हातभर दूर, आळ्यात सळई घातली, तर ती लोण्यासारखी आत गेली आणि टोकाला ओला चिखल लागून आला. म्हणजे खड्डा ओला होता आणि त्याच्या मधोमध बसलेली हुंडी ठणठणीत कोरडी.

असं होण्याची कारणं दोन. माळीदादांनी आळं बांगडी पद्धतीने केलं होतं. खोडाभोवती मातीचा उंचवटा आणि त्याच्या बाहेर गोल चर, पाणी फक्त चरात. लिंबू-संत्र्याच्या झाडांना हे आळं उत्तम, कारण त्यांच्या खोडाला पाणी लागलं तर डिंक्या रोग होतो, आणि जुन्या झाडाची पांढरी मुळी चराखाली पोचलेलीच असते. माळीदादांनी वर्षानुवर्षं बागांमधून हेच काम केलंय आणि तिथे ते योग्यच आहे. नुकत्याच हलवलेल्या झाडाची मात्र सगळी जिवंत मुळी त्या उंचवट्याखालीच होती. बाहेरच्या चरात एकही मूळ नव्हतं.

दुसरं कारण खड्ड्यातल्या भरावाचं. हुंडी काळ्या मातीची, आणि भोवती भरलं होतं कोकोपीट, शेणखत आणि लाल माती यांचं भुसभुशीत मिश्रण. त्यातून पाणी झरझर खाली जातं. घट्ट काळी माती एकदा सुकली की ओल घ्यायला वेळ लावते, आणि पाणी आपल्या सोप्या वाटेने निघून जातं. शिवाय सुकताना काळी माती आकसते. इथेही हुंडी आणि भराव यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती. त्या फटीत हवा राहते, आणि हवेत मूळ वाढत नाही. हुंडी खड्ड्यात ठेवल्यावर भराव अर्धा झाला की पाणी सोडून तो बसवायचा, मग उरलेला भरायचा, हे एवढ्यासाठीच करतात.

उपाय सुरू करण्याआधी झाडात जीव किती आहे ते पाहणं गरजेचं होतं. पानं लोंबली म्हणून झाड मेलं असं होत नाही. दुपारी लोंबलेली पानं पहाटे पुन्हा ताठ दिसली, तर मुळं रात्रीत तूट भरून काढताहेत असं समजावं. पहाटेही लोंबलेलीच असतील, तर तूट रोज वाढते आहे. काकूंनी सांगितलं की पहिल्या आठवड्यात पानं सकाळी सावरायची, आता सावरत नाहीत. गळणाऱ्या पानांवरूनही कळतं. पिवळं होऊन हात लावताच सुटणारं पान जिवंत फांदीचं असतं, कारण देठाशी ते सोडून द्यायचं काम फांदी स्वतः करते. पान करपून तपकिरी झालं आणि तरी फांदीला चिकटूनच राहिलं, तर ती फांदी अचानक वाळली आहे असं समजायचं. या जास्वंदीच्या दोन फांद्यांवरची पानं सुटत होती. पश्चिमेकडच्या तिसऱ्या फांदीच्या टोकाला मात्र करपलेली पानं चिकटून होती. नखाने साल खरवडली तेव्हा पहिल्या दोन्ही फांद्यांत टोकापर्यंत हिरवा, ओला थर मिळाला. तिसरीत तो निम्म्यातच संपला आणि पुढे कोरडं लाकूड होतं.

जास्त पाण्याने मुळं कुजली नाहीत ना, हेही तपासलं, कारण तेव्हाही पानं अशीच लोंबतात. बुंध्याची साल घट्ट आणि निरोगी होती, मातीला आंबूस वास नव्हता. खड्ड्याच्या तळाशी मुरूम असल्यामुळे रोजच्या दोन बादल्या जिरून गेल्या. बंगल्याची जागा निव्वळ काळ्या मातीची असती, तर त्याच दोन बादल्यांनी खड्ड्याचं डबकं केलं असतं, आणि मग हुंडी कोरडी असूनही तिच्या कडेला फुटणारी नवी मुळी कुजून गेली असती.

"परत काढून नीट लावू का?" असं माळीदादांनी विचारलं. ते करू नये. उरलीसुरली मुळी दुसऱ्यांदा तुटली असती. त्याऐवजी उंचवटा हाताने मोडला, माती फटीत सारली आणि त्यावर सावकाश पाणी सोडून ती बसवली. नवं छोटं आळं बरोबर हुंडीच्या कडेवर केलं, आतून साधारण फूटभर रुंद. बाहेरचा चर बुजवला.

सुकलेली हुंडी भिजवायला तांब्याने पाणी ओतून भागत नाही. काकूंच्या भावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, त्यांच्याकडून ठिबकची थोडी नळी आणि ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर आले. ते खोडाच्या दोन बाजूंना, हुंडीच्या बरोबर वर ठेवले. पहिल्या संध्याकाळी अर्धा तास पाणी, मग तेवढीच विश्रांती, असं तीनदा चालवलं. दुसऱ्या सकाळी सळई खोडाजवळ वीतभर आत गेली. तिथून पुढे रोज पहाटे पंधरा मिनिटं, म्हणजे दोन्ही ड्रिपरचं मिळून दोन लिटर, आणि ऊन कडक असेल त्या दिवशी दुपारी चारनंतर आणखी तेवढंच. हुंडीत दोनच लिटर मावतात, त्यामुळे एकदम जास्त देण्याला अर्थ नव्हता. दोन बादल्यांच्या जागी दोन-चार लिटर, हे काकूंच्या पचनी पडायला जरा वेळ लागला. सळईचं टोक रोज पाहायला सांगितलं, तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

वर वाळलेल्या पानांचं आच्छादन घातलं, चार बोटं जाडीचं, खोडापासून थोडं मागे. खोडाला ओला पाचोळा चिकटून राहिला तर साल कुजते.

सावलीचा प्रश्न पाण्याइतकाच मोठा होता. जुनी जागा पूर्वेची. दुपारी एकनंतर बंगल्याची सावली तिथे पडायची. त्या अर्ध्या सावलीत वाढलेली पानं नैऋत्येच्या उन्हात एकाएकी उघडी पडली, म्हणून ते पांढुरके डाग आले. शिवाय मागे सिमेंटची भिंत आणि खाली पेव्हर ब्लॉक. भिंत दुपारभर तापते आणि सूर्य मावळल्यावरही ऊब फेकत राहते. पान गार व्हायला वेळच मिळत नाही.

पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट बांबूंवर ताणली, डोक्यावर आणि पश्चिम व दक्षिण अंगाला. पूर्वेची बाजू मोकळी ठेवली. सकाळचं कोवळं ऊन झाडाला हवंच असतं, नवी मुळी वाढवायला लागणारं अन्न पानंच तयार करतात. म्हणून मिट्ट काळोख करणारी पंचाहत्तर-नव्वद टक्क्यांची नेट मी टाळते. नेट पानांपासून हातभर दूर बांधली, कारण टेकली तर तिथली पानं भाजतात आणि वारा खेळत नाही. भिंतीवर दुपारी पाण्याचा शिडकावा करायला काकांनी सुरुवात केली. त्याने दमटपणा फार वेळ टिकत नाही, पण भिंत थोडी निवते, तेवढा फायदा खरा.

मतभेद झाला तो छाटणीवर. काकूंचे भाऊ म्हणाले, "एप्रिलमध्ये आम्ही खरड छाटणी करतो, वेल बोडका करून टाकतो. महिन्याभरात पुन्हा हिरवागार. हिलाही तसंच करा." त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. खरड छाटणीच्या वेळी द्राक्षवेलीची मुळं जागची हललेली नसतात. खोडात आणि मुळांत साठवलेलं अन्न शाबूत असतं, त्या जोरावर वेल फुटतो. या जास्वंदीचा मुळांचा साठाच तुटला होता. उरलेली पानं हीच तिची कमाई होती, आणि शेंड्यांच्या डोळ्यांमधून खाली जाणारा संप्रेरकांचा निरोप मुळं फुटायला मदत करतो. सगळे शेंडे उडवले असते तर दोन्ही गेलं असतं. झाडाने निम्मी पानं टाकून स्वतःच आपली मागणी कमी केली होती. म्हणून फक्त तिसऱ्या फांदीचा वाळलेला भाग हिरवा थर लागेपर्यंत मागे कापला, आणि सगळ्या कळ्या खुडल्या. कळ्या खुडताना काकूंना वाईट वाटलं. पण फूल उमलवायला लागणारं पाणी आणि साखर त्या महिन्यात मुळांकडे जायला हवी होती.

भावाने १९:१९:१९ ची पिशवीही आणली होती. ती बाजूला ठेवायला सांगितलं. विद्राव्य खत म्हणजे शेवटी क्षारच. मातीच्या पाण्यात क्षार वाढले की तुटक्या मुळांना तेच पाणी ओढून घेणं आणखी अवघड होतं. नवी पानं येऊन ती पूर्ण मोठी होईपर्यंत खत नाही, शेणखताची स्लरीही नाही.

मार्च संपता संपता पानांचा ताठपणा पहाटे परत येऊ लागला. गळ थांबली. त्यानंतर जुन्या देठांच्या बगलेतले डोळे फुगले आणि बारीक, फिकट पानं बाहेर आली. इथे बरेच जण निश्चिंत होतात, आणि तिथेच झाड जातं. खोडात आणि फांद्यांत शिल्लक असलेल्या अन्नावर झाड पहिली पालवी फोडू शकतं, मुळं वाढली नसली तरी. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे गेला तेव्हा या पालवीतली बरीच कोमेजली आणि तिसरी फांदी उरलीसुरली वाळून गेली. ती बुंध्याशी कापली. पाणी दोन्ही वेळचं केलं, नेट तशीच ठेवली. कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण दिसला. अशक्त जास्वंदीवर तो हमखास येतो. पाण्याच्या बारीक फवाऱ्याने आणि सौम्य साबणाच्या पाण्याने हाताने पुसून तो आटोक्यात आला.

मुळं खरंच पुढे निघाली आहेत का, हे वरून कळत नाही. मेच्या मध्यावर हुंडीच्या कडेला, भरावात, बोटाने दोन ठिकाणी हळूच उकरून पाहिलं. एका बाजूला सुतासारखी पांढरी मुळी भरावात शिरलेली दिसली. दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे, काहीच नव्हतं. ड्रिपर थोडा मुळीच्या बाजूला, बाहेर सरकवला आणि आळं वीतभर रुंद केलं. मुळी जिथे जाते तिथे पाणी न्यायचं, पण तिच्या फार पुढे नाही. भिंतीकडची बाजू तशीच ठेवली.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर एका ढगाळ दिवशी आधी डोक्यावरची नेट काढली, आणि पश्चिमेची आणखी काही आठवडे राहू दिली. उघडीप पडली की पश्चिमेचं ऊन लगेच भाजतं. पावसात ठिबक बंद केलं. मुरमाचा तळ असल्याने पाणी साचलं नाही. जुलैत आलेली पानं पहिल्यांदा नेहमीच्या आकाराची होती, आणि तेव्हा कुठे मूठभर कुजलेलं शेणखत आळ्याच्या कडेने दिलं. गणपतीच्या सुमारास चार-पाच फुलं आली. झाडाचं एक अंग अजून रिकामं आहे. ते भरायला निदान पुढचा पावसाळा जाईल आणि तोवरचा एक उन्हाळा त्याला पुन्हा पश्चिमेकडून नेट लागेल, कारण भिंतीकडची मुळं उशिरा निघाली.

त्याच अंगणात दुसऱ्या बाजूचा अनंतही हलवायचा आहे, तिथे पाण्याची टाकी येणार आहे. काकांनी टाकीचं काम पुढच्या पावसाळ्यानंतर घ्यायचं कबूल केलं, त्यामुळे या वेळी हातात वेळ आहे. मेच्या सुरुवातीला खोडाभोवती, ठरलेल्या हुंडीच्या किंचित आत, धारदार फावड्याने फक्त अर्धं वर्तुळ सरळ खाली कापायचं आणि तो कट पाणी देऊन बसवायचा. उरलेलं अर्धं जूनमध्ये. कापलेल्या टोकांपाशी आत नवी पांढरी मुळी दाटते आणि ती हुंडीसोबत येते. जुलैच्या शेवटी, पाऊस थांबून वापसा आल्यावर, दोन माणसं घेऊन हुंडी कापायची, खोड धरून न उचलता गोणपाट खालून सरकवायचं, सुतळीने घट्ट बांधायचं आणि आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात न खणलेल्या घट्ट तळावर, पूर्वीच्याच खोलीवर ठेवायची. भराव त्याच खड्ड्याच्या मातीचा. आळं हुंडीच्या कडेवर. माळीदादांनी अनंताचं खोड मोजून ठेवलंय, ३ सेंटिमीटर. हुंडी ३५ ची धरू, असं ते स्वतःच म्हणाले.